मदत हवी आहे: उपचाराची उद्दिष्टं मोजता येतील अशी कशी लिहायची?

नवी_समुपदेशक:
नाशिकमधल्या एका केंद्रात प्रशिक्षणाला लागून चार महिने झालेत. माझा उपचार आराखडा सुपरवायझर मॅडमनी दुसऱ्यांदा परत पाठवलाय. मी लिहिलं होतं, 'चिंता कमी करणे, आत्मविश्वास वाढवणे, पॅनिक अटॅक पूर्ण बंद होणे.' तिन्हींपुढे लाल पेनने एकच शब्द: 'कशावरून?'

केस अशी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). तिशीतला तरुण, राहतो सिडकोत, काम नाशिकरोडला. तीन महिन्यांपूर्वी द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली, छाती धडधडली, घाम फुटला, 'आता मरतो' असं वाटून तो मधेच उतरला. डॉक्टरांनी तपासलं, ईसीजी नॉर्मल. तेव्हापासून बस बंद. भाऊ बाइकवर सोडतो, नाहीतर दांडी. चिंता मोजणाऱ्या जीएडी-7 प्रश्नावलीत स्कोअर 16 आलाय.

आकडेमोड:
सोपं आहे. 'जीएडी-7 चा स्कोअर 8 आठवड्यांत 16 वरून 10 च्या खाली.' आकडा आला, मुदत आली, मॅडम खूश.

कुंदाताई:
आकडेमोड, स्कोअर लिहावाच, पण एकटा पुरत नाही. ती प्रश्नावली मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. या मुलाने दोन आठवडे सुट्टी टाकली आणि घरी बसला, तर स्कोअर छान उतरेल. आयुष्य मात्र आणखी आक्रसलेलं असेल.

'पॅनिक अटॅक बंद' याचंही तेच. आमच्याकडे उद्दिष्टाला एक कसोटी लावतात: हे मेलेल्या माणसाला जमेल का? मेलेल्याला पॅनिक येत नाही, तो चिडत नाही, रडत नाही. त्याला जमणारं उद्दिष्ट खोडायचं आणि माणूस काय *करताना दिसेल* ते लिहायचं.

त्याआधी आजची स्थिती मोजा. गेल्या दोन आठवड्यांत कामाचे दिवस किती, बसने किती, भावासोबत किती, दांड्या किती? हे नसेल तर पुढचा कुठलाही आकडा हवेतलाच. आणि त्याला विचारलंत का, की बरं वाटलं तर पहिली कुठली गोष्ट वेगळी होईल?

सातपूरकर:
माझी मुलगी दहावीला आहे, अभ्यासात लक्ष लागत नाही. तिच्या समुपदेशकांनी 'एकाग्रता वाढवणे' लिहून दिलंय, तीन महिने झाले. कॉलेज रोडला कोणी चांगलं आहे का?

कुंदाताई:
सातपूरकर, त्यासाठी वेगळा धागा काढा. पण समुपदेशक बदलण्याआधी त्यांना एवढं विचारा: आज ती एका बैठकीत किती मिनिटं बसते आणि महिन्याने किती बसलेली आपल्याला दिसेल?

नवी_समुपदेशक:
ताई, काल विचारलं. 12 दिवसांपैकी बसने 0, भावासोबत 7, दांड्या 5. आणि वेगळं काय होईल, तर म्हणाला, "दादाची रात्रपाळी असते. त्याला सकाळी उठवायला लागू नये." मी चार महिने 'आत्मविश्वास' लिहीत बसले होते!

नवा मसुदा: 'आठव्या आठवड्याच्या शेवटी, मागच्या 12 कामाच्या दिवसांपैकी किमान 8 दिवस एकटा, मधे न उतरता, बसने कामावर पोचेल. तिसऱ्या आठवड्यापर्यंत पहिला टप्पा: दुपारच्या कमी गर्दीत सिडको ते सीबीएस, तीन वेळा. नोंद: रोज संध्याकाळी वहीत, गेलो की नाही, मधे उतरलो का, भीती 0 ते 10. भीती 3 च्या वर नसावी.'

कुंदाताई:
शेवटचं वाक्य काढा. भीती 7 असताना तो नाशिकरोडला पोचला तर उद्दिष्ट साधलं की नाही? तुमच्या मसुद्यात नापास होतो, आणि खरं तर तोच दिवस सगळ्यात मोलाचा. भीतीची नोंद ठेवा, अट नको.

12 पैकी 12 न लिहिता 8 लिहिलंत ते बरं केलंत. एका वाईट सकाळी सगळंच ढासळत नाही.

आकडेमोड:
हे नाही पटलं. माणूस भीती वाटते म्हणून आला. आठ आठवड्यांनी भीती 7 च असेल तर बरा झाला असं कुठल्या तोंडाने सांगणार?

कुंदाताई:
बरा झाला असं मीही म्हणणार नाही. बस पकडतोय, एवढंच म्हणेन. भीती बहुधा मागून उतरते, पण किती आठवड्यांत ते आधी लिहून देण्याची माझी तयारी नाही. म्हणूनच तुमचा स्कोअर दर दोन आठवड्यांनी सोबत हवा. चौथ्या आठवड्यात बसच्या फेऱ्या 0 च असतील तर त्याला दोष न देता टप्पा लहान करा: स्टॉपवर उभं राहून दोन बस जाऊ देणं, एवढाच.

नवी_समुपदेशक:
एक अडलंय. काल भावाला शेजारी बसवून तो बसने दोन स्टॉप गेला, पूर्ण वेळ बायकोशी फोनवर बोलत. हे मोजायचं का?

कुंदाताई:
भाऊ होता, म्हणजे 'एकटा' मध्ये नाही. फोनसाठी वहीत वेगळा रकाना करा. पहिल्या दिवशी फोन हिसकावू नका, पण रकाना रिकामा व्हायला कधी लागतो ते बघा. 8 दिवसांच्या हिशोबात फोनवाले दिवस धरायचे का, हे त्यालाच ठरवू द्या.

नवी_समुपदेशक:
तो म्हणतो धरायचे. मॅडम म्हणतील नको. गुरुवारी दाखवते, मग सांगते.