शब्दचर्चा: द्राक्षाच्या पुस्तिकेत ‘डाऊनी’ ठेवू की ‘केवडा’ लिहू?

पानवेल
एका शेतकरी गटासाठी द्राक्षावरच्या रोगांची इंग्रजी पुस्तिका मराठीत करतेय. वाचणारे बागाईतदार आहेत आणि बरेचदा औषधाच्या दुकानात उभं राहूनच वाचतील. एका ओळीपाशी अडलेय, कारण तिच्यात माणसाचं नाव, ब्रँड, रसायन, गावाचं नाव असं सगळंच एकत्र आलंय. माझा खर्डा:

‘थॉमसन बिनबियांच्या द्राक्षांवर केवडा येऊ नये म्हणून मँकोझेब ४५ टक्के भुकटी किंवा एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे.’

मूळ इंग्रजीत केवड्याच्या जागी ‘डाऊनी’ आहे आणि मँकोझेबऐवजी नुसतं ‘एम-४५’ आहे. ब्रँडचं नाव नको म्हणून मी रसायनाचं घातलं. ‘बिनबियांच्या’ जरा खटकतंय. बाकी जमलंय का?

जुना कोशवाला
जमलंय की. नियम सरळ आहे: विशेषनाम तसंच ठेवायचं, सामान्यनाम मराठीत आणायचं. थॉमसन हा माणूस, तो राहील. सीडलेस हे साधं विशेषण, त्याचं ‘बिनबियांची’च व्हायला हवं. ‘केवडा’ तर फारच छान. मराठीत शब्द असताना डाऊनी-फाऊनी कशाला? भुरीला कोणी पावडरी म्हणतं का?

निफाडचा गडी
कोशवाले काका, भुरीचं शंभर टक्के मान्य. बागेत सगळे भुरीच म्हणतात. पण तुमचा नियम बाकी ठिकाणी उलटा पडतो.

आधी थॉमसन. विल्यम थॉमसन नावाच्या बागाईतदाराने ही जात कॅलिफोर्नियात लावली, म्हणून तिला त्याचं नाव पडलं. ‘सीडलेस’ त्या नावातच आहे. आमच्याकडची शरद सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका, सगळीच बिनबियांची. ‘बिनबियांची द्राक्षं’ वाचून कोणाला वाटेल, सगळ्यांबद्दलच लिहिलंय. ‘थॉमसन सीडलेस’ अख्खं ठेवा. नुसतं ‘थॉमसन’ लिहिलंत तरी चालेल, बोलताना आम्ही तेवढंच म्हणतो.

आणि एम-४५ मधला ४५ म्हणजे टक्के नव्हेत हो! ते ब्रँडच्या नावातले आकडे आहेत. पुड्यात मँकोझेब ७५ टक्के असतं. झेड-७८ चंही तसंच, त्यात झायनेब ७५ टक्के. एका छापील पत्रकात मी हाच ‘४५ टक्के’ वाचलाय. दुकानदाराकडे पंचेचाळीस टक्क्याचं मँकोझेब मागितलं तर तो म्हणणार, असलं काही येत नाही. ब्रँड काढायचा असेल तर पुड्यावर रसायनाच्या नावापुढे जो आकडा आहे तो बघून लिहा: मँकोझेब ७५ डब्ल्यूपी.

पानवेल
बाप रे. बरं झालं विचारलं. ‘डब्ल्यूपी’चं ‘पाण्यात मिसळणारी भुकटी’ करू ना पण?

निफाडचा गडी
समजावून सांगायला एकदा लिहा, पण अक्षरं काढू नका. डब्ल्यूपीचं फारसं बिघडत नाही, बिघडतं ते पातळ औषधांचं. मराठी पत्रकांत ईसी, एससी, एसएल सगळ्यांना ‘प्रवाही’ म्हणायची पद्धत आहे. इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएलमध्ये मिळतं आणि ३०.५ एससीमध्येही. दोन्ही ‘प्रवाही’. आकडा गळला किंवा चुकला की माणूस एकाचं माप दुसऱ्याला लावतो आणि जवळपास पावणेदोनपट औषध टाकतो. अक्षरं ठेवली की बाटली बाटलीला ताडून बघता येते.

रेवा_टोरांटो
नावांचा विषय निघालाच आहे तर माझंही विचारते. सासऱ्यांच्या कागदपत्रांचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं. त्यांचं नाव ज्ञानदेव. भाषांतरकाराने ‘ज्ञ’ हिंदीसारखा ‘ग्य’ धरून जी-वाय लिहिला, पासपोर्टवर मराठी पद्धतीने डी-एन-वाय आहे. तो म्हणतो, नावाचं भाषांतर करत नसतात, मी उच्चार लिहिला. हे कोणाचं बरोबर?

जुना कोशवाला
रेवाताई, इथे उच्चाराचा वाद घालूच नका. पासपोर्टवर जे अक्षरलेखन आहे तेच भाषांतरात करून मागा. सगळ्या कागदांवर माणूस एकच दिसला पाहिजे.

पण गडी, केवड्याचं तुम्ही काही बोलला नाहीत. तो तरी माझा राहू द्या!

निफाडचा गडी
राहू दिला असता, पण नेमकी तिथेच मेख आहे. द्राक्षावर आणि बाजरीवर केवडा म्हणतात तो बुरशीसारखा रोग, म्हणजे डाऊनी. भेंडीवर केवडा म्हणतात तो विषाणूचा, शिरा पिवळ्या पडतात आणि तो पांढरी माशी पसरवते. तिथे मँकोझेब मारून काही होत नाही, माशीचा बंदोबस्त करावा लागतो.

ऊसवाली
आणि आमच्या उसावरचा केवडा तर रोगच नाही. लोह कमी पडलं की कोवळी पानं पिवळी-पांढरी पडतात, हिराकस फवारायचं. भुईमुगाचंही असंच असतं. म्हणजे पान पिवळं दिसलं की केवडा, मग कारण काहीही असो.

निफाडचा गडी
म्हणूनच द्राक्षाच्या पुस्तिकेत ‘डाऊनी’ ठेवा. नाशिककडे तोच शब्द चालतो. पहिल्यांदा येईल तिथे ‘डाऊनी, ज्याला काही भागांत केवडा म्हणतात’ असं लिहा, पुढे नुसतं डाऊनी.

जुना कोशवाला
मला हे पूर्ण पटलेलं नाही. द्राक्षाच्या पुस्तिकेत भेंडी कुठून येणार? वाचणारा द्राक्षवालाच आहे ना?

निफाडचा गडी
त्याच्या बांधाला भेंडीही असते काका.

पानवेल
बोर्डोबद्दल राहिलं. बोर्डो फ्रान्समधल्या शहराचं नाव. ते तसंच ठेवलंय, पण कृतीत इंग्रजीत ‘कॉपर सल्फेट’ आणि ‘क्विक लाइम’ आहे. ही दोन्ही मराठीत आणू का?

निफाडचा गडी
ही मात्र आणाच. बोर्डो हे आता औषधाचंच नाव झालंय. तिथल्या मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाने १८८५ साली त्याबद्दल लिहिलं, ते नाव तसंच आपल्याकडे आलं, कोकणात सुपारीवाल्यांच्याही तोंडी आहे. पण कॉपर सल्फेटला दुकानात मोरचूद म्हणतात आणि क्विक लाइमला कळीचा चुना. लाइमचं कोणी लिंबू करू नये म्हणजे झालं. एक टक्क्याला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगळं भिजवून मग एकत्र करायचं, लोखंडाची बादली वापरायची नाही. नुसतं ‘चुना’ लिहू नका. विरलेला, हवा खाल्लेला चुना वापरला तर मिश्रणात तांबं मोकळं राहतं आणि पानं करपतात. स्वच्छ विळा मिश्रणात थोडा वेळ बुडवा, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून निवळी घाला.

पानवेल
सुधारलेली ओळ:

‘थॉमसन सीडलेसवर डाऊनी येऊ नये म्हणून मँकोझेब ७५ डब्ल्यूपी किंवा एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे.’

केवड्याची नोंद पहिल्या पानावर देते. आता एकच राहिलं: डब्ल्यूपी, एसएल ही अक्षरं देवनागरीत छापू की पुड्यावर आहेत तशी रोमन लिपीत?

ऊसवाली
रोमन. दुकानात अक्षराला अक्षर जुळवून बघता येतं.

जुना कोशवाला
देवनागरी. माझ्या चुलत्यांना एबीसीडी येत नाही आणि फवारणी तेच करतात.

निफाडचा गडी
मी असतो तर मजकुरात देवनागरी ठेवून शेजारी पुड्याचा फोटोच छापला असता. पण छपाईचा खर्च तुमचा गट बघणार, त्यांना विचारा.