अनुभव धागा: बरोबरीच्या सहकाऱ्याचा पगार जास्त आहे, हे विचारायचं कसं?

रानजाई
पगारवाढीची पत्रं आली की दरवर्षी हा विषय मनात वर येतो. आज भाचीचा फोन आला, "मावशी, माझ्याच हुद्द्यावरच्या मुलाला बारा लाख आणि मला नऊ!" तिला भांडायचं नाही, त्या मुलालाही अडचणीत आणायचं नाही. तुम्ही कसं विचारलंत, किंवा तुमच्याकडे कोणी विचारलं तेव्हा काय उपयोगी पडलं, ते लिहा.

पेरोलवाला
बरीच वर्षं पगारपत्रकांत काढली, म्हणून सांगतो. आधी आकडे सोला. बारा लाखांत दहा टक्के व्हेरिएबल असेल तर 1,20,000 गेले. जॉइनिंग बोनस 1,00,000 असेल तर तो एकदाच मिळतो, तोही काढा. उरले 9,80,000. भाचीच्या नऊमधूनही 90,000 व्हेरिएबल काढा, म्हणजे 8,10,000. खरा फरक 1,70,000, महिन्याला साधारण चौदा हजार. तीन लाखांचा मुद्दा घेऊन गेली तर एचआर बोनस दाखवून दोन मिनिटांत विषय संपवेल. पावणेदोन लाखांना मात्र उत्तर द्यावं लागतं.

सुगरण_नाशिक
माझ्या भावाच्या सीटीसीत ग्रॅच्युइटी आणि कंपनीचा पीएफही धरलेत. ते कुठे जातात?

पेरोलवाला
ताई, दोघांच्या सीटीसीत धरले असतील तर सोडून द्या. एकाच्याच असतील तर त्याच्यातून वजा करा. नाहीतर तुलना फसते.

विधिज्ञ_व्हायचंय
एवढं कशाला? समान कामाला समान वेतन हा कायदाच आहे. नोटीस पाठवा.

मध्यमा
अर्धं बरोबर आहे. 1976 चा समान वेतन कायदा आणि आता त्याच्या जागी आलेली वेतन संहितेतली तरतूद, दोन्ही लिंगावरून होणाऱ्या भेदभावाबद्दल. खासगी कंपनीत दोन पुरुषांच्या पगारात फरक असेल तर तिथे ते लागू पडत नाहीत. भाचीच्या बाबतीत तो दरवाजा उघडा आहे, पण काम, कौशल्य, अनुभव, जबाबदारी सारखी आहे हे दाखवावं लागेल. पहिल्याच मेलमध्ये कायदा आला की मॅनेजर बोलायचा थांबतो आणि मेल विधी विभागाकडे जातो. म्हणून आधी प्रश्न विचारावा.

फरक पुष्कळदा कोणाच्या वाईट हेतूने पडलेला नसतो. नवा माणूस बाजारभावाने येतो, जुन्याचा पगार दरवर्षी सात-आठ टक्क्यांनी सरकतो. तीन-चार वर्षांत जुना मागे पडतो. मॅनेजरलाही हे माहीत असतं, पण वर पाठवायला त्याच्या हातात कागद नसतो. तो कागद आपण द्यायचा. मेल असा:

"माझ्या ग्रेडच्या पगारपट्ट्यात माझा पगार कुठे बसतो, हे समजून घ्यायचं आहे. गेल्या वर्षभरात माझ्याकडे या तीन जबाबदाऱ्या आल्या. त्या धरून माझा पगार पट्ट्याच्या मध्याच्या खाली असेल, तर तो कोणत्या टप्प्यांत दुरुस्त होऊ शकतो?"

यात सहकाऱ्याचं नाव नाही आणि "मला कळलंय की" हे शब्दही नाहीत. नियुक्तिपत्रात पगार गुप्त ठेवायची अट असू शकते. तसं लिहिलं तर सगळं लक्ष "कोणी सांगितलं" याकडे जातं आणि तो मुलगा सापडतो.

कुकर झाला, येते.

गुरुजी_सातारा
आमच्याकडे कनिष्ठाला जास्त, ज्येष्ठाला कमी असं होतं. माझंच प्रकरण दोन वर्षं पडून आहे.

पेरोलवाला
गुरुजी, तुमचा रस्ता निराळा. अर्जाला दोघांच्या वेतननिश्चितीचा तुलनात्मक तक्ता जोडला आहे का? संवर्ग आणि वेतनश्रेणी एकच हवी, आणि तफावत वेतननिश्चितीच्या नियमामुळेच पडलेली हवी. कनिष्ठाला आगाऊ वेतनवाढ मिळाल्यामुळे फरक असेल तर सहसा मान्य होत नाही.

गुरुजी_सातारा
तक्ता नाही जोडला. सोमवारी सेवापुस्तकाची नक्कल मागतो.

पुणेरी_मीटर
बाहेरची ऑफर आणा, टेबलावर ठेवा. लगेच हलतात.

मध्यमा
जायची तयारी असेल तरच. "बरं, शुभेच्छा" असं उत्तर आलं तर?

पुणेरी_मीटर
तर जायचं! नुसत्या मेलवर पगार वाढलेला मी तरी पाहिला नाही.

रानजाई
तिने मेल आजच पाठवावा का?

पेरोलवाला
एप्रिलचं पत्र निघालं म्हणजे त्या वर्षाची रक्कम बहुधा वाटून झालेली. आता मेल करून मधल्या काळात दुरुस्ती होते का ते विचारा. नाही म्हणाले तर हाच मेल डिसेंबरात पुन्हा वर काढा, कारण एप्रिलच्या वाढीचे आकडे बऱ्याच ठिकाणी जानेवारी-फेब्रुवारीत ठरतात. आणि आधी समोर बसून बोलावं, त्याच संध्याकाळी मेलमध्ये लिहून ठेवावं. मॅनेजर बदलला तरी कागद राहतो.

सुगरण_नाशिक
पट्टा सांगायलाच नकार दिला तर?

मध्यमा
आकडा नको, फक्त मध्याच्या वर की खाली एवढं विचारा. तेवढं बरेच जण सांगतात. तेही नाही सांगितलं तर... यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. कोणाकडे असेल तर लिहा.