उलटं आलं की ब्लॉक? तीन उलटी कार्डं आणि एक भांडण

पावसाळी: मैत्रिणीसाठी टॅरोचं पाच कार्डांचं लव्ह स्प्रेड काढलं. ती: क्वीन ऑफ पेंटॅकल्स सरळ. तो: नाइट ऑफ कप्स उलटा. दोघांच्या मध्ये: टू ऑफ कप्स उलटं. अडचण: फोर ऑफ पेंटॅकल्स सरळ. पुढे काय: एट ऑफ वाँड्स उलटं. पाचात तीन उलटी, म्हणजे सगळं ब्लॉक आहे. तिला स्पष्ट सांगितलं, सोड त्याला. उलटं म्हणजे ब्लॉक, बाकी 'आतल्या आत आहे', 'उशीर आहे' हे माणसाला लटकवून ठेवायचे बहाणे. कुणाला वेगळं वाटतं का?

देवयानी: हो, वाटतं, आणि हे वाचून काल रात्री मला झोप लागली नाही कारण एका मुलीला तुम्ही अर्ध्या रीडिंगवर नातं सोडायला सांगितलंत. तिन्ही कार्डं उलटी आहेत हे बरोबर, पण तिन्ही एकाच कारणाने उलटी नाहीत.

आधी नाइट घ्या. कोर्ट कार्ड आहे, माणूस आहे, म्हणजे त्याला 'आत' आहे. चित्रात तो हातात कप पुढे धरून घोड्यावरून सावकाश चाललाय, त्याचं सगळं काम म्हणजे तो कप कुणाला तरी देणं. उलटा आला की कप रिकामा झाला असं नाही, तो पुढे केला जात नाही. मनात आहे, तोंडातून निघत नाही. हे इनवर्ड.

आता टू ऑफ कप्स. इथे दोन माणसं आहेत, देवाणघेवाण आहे, त्यामुळे इनवर्ड म्हणायला जागाच नाही, कुणाच्या आत म्हणणार? इथे अडलंय हे मला मान्य. पण कुठे अडलंय ते शेजारी बघा ना! अडचणीच्या जागी फोर ऑफ पेंटॅकल्स, तो माणूस एक नाणं छातीशी कवटाळून, दोन पायाखाली दाबून, एक डोक्यावर ठेवून बसलाय. आणि पेंटॅकल्स या स्प्रेडमध्ये अजून कुणाच्या जागी आहेत? तुमच्या मैत्रिणीच्या. त्याच्या बाजूला एकही पेंटॅकल नाही. म्हणजे मूठ आवळून बसलीय ती, आणि तुम्ही सांगितलंत त्याला सोड.

एट ऑफ वाँड्सच्या चित्रात तर माणूसच नाही. आठ काठ्या हवेत आहेत आणि खाली उतरतायत. ज्यात माणूस नाही ते इनवर्ड कसं होणार, आणि काठ्या आधीच सुटल्यात तर ब्लॉक तरी कसं म्हणायचं? ते उशिरा पोचणार, एवढंच.

मृण्मयी: देवयानीताई बरोबर बोलतायत पण एवढा विचार करावा लागत नाही. मी सूटवरून ठरवते. कप्स उलटे म्हणजे इनवर्ड, वाँड्स उलटे म्हणजे उशीर, स्वोर्ड्स उलटे म्हणजे ब्लॉक, पेंटॅकल्स उलटे म्हणजे पैशाचं किंवा घरच्यांचं काहीतरी. माझं दहातलं आठ वेळा जुळतं.

देवयानी: मृण्मयी, उरलेल्या दोन वेळा काय करतेस? याच स्प्रेडमध्ये टू ऑफ कप्सला तुझा नियम लावला तर ते इनवर्ड होतं आणि खरा अडथळा हातातून सुटतो. आणि फाइव्ह ऑफ कप्स उलटं आलं तर? तीन कप सांडलेत, दोन मागे उभे आहेत, मुळात दुःखाचंच कार्ड ते. उलटं झालं की दुःख सैल होतंय, माणूस मागे वळून ते दोन कप बघायला लागलाय असं मी वाचते. सूटने विचार केलास तर तुला ते आत दाबलेलं रडू वाटेल.

मृण्मयी: पण आत दाबलेलं रडूच असतं ते बरेचदा! मी किती जणींचं बघितलंय, ब्रेकअप होऊन वर्ष झालं, वरून सगळं छान, आणि फाइव्ह ऑफ कप्स उलटं. विचारलं की डोळे भरतात. टू ऑफ कप्सचं मानते, तिथे मी चुकले असते. फाइव्हचं नाही मानत.

वाटसरू: मी उलटी कार्डं वाचत नाही, थॉथ डेक वापरतो, शेजारच्या कार्डांवरून बघतो कोण कुणाला बळ देतंय. वाँड्स आणि कप्स शेजारी आले की एकमेकांना मारतात, आग आणि पाणी. तुमचं ब्लॉक-इनवर्ड-उशीर सगळं त्यातून निघतं, कार्ड उलटं करायची गरज नाही. पण माझा प्रश्न दुसराच आहे. पावसाळी, टेबलावरचं कार्ड उघडताना तुम्ही ते पुस्तकाचं पान उलटल्यासारखं बाजूने उलटता की खालची कड धरून वर?

पावसाळी: खालून वर. त्याचा काय संबंध?

वाटसरू: संबंध असा की खालून वर उलटलं की सरळ कार्ड उलटं होतं आणि उलटं सरळ. म्हणजे गड्डीत तुमचे नाइट, टू ऑफ कप्स आणि एट ऑफ वाँड्स सरळ होते. उलट्या होत्या त्या क्वीन आणि फोर. अख्खं रीडिंग फिरलं.

पावसाळी: हे काय भलतंच! बारा वर्षं मी अशीच कार्डं उघडते, म्हणजे बारा वर्षांची माझी सगळी रीडिंग्ज चुकीची? तुम्ही उलटं वाचतही नाही आणि मला शिकवताय.

देवयानी: वाटसरू, घाबरवू नका तिला. दर वेळी त्याच पद्धतीने उघडत असेल तर काही बिघडत नाही. पिसताना कुठलं कार्ड कुठल्या बाजूला गेलं ते कुणालाच ठाऊक नसतं, टेबलावर जे दिसतं ते वाचायचं हे आधीच ठरलेलं असतं. गोंधळ कधी होतो, तीन कार्डं बाजूने उघडली, मग एक उलटं आलेलं आवडलं नाही म्हणून पुढचं खालून वर उघडलं, तेव्हा. ते मी नवशिक्यांना करताना बघितलंय, हात आपोआप जातो.

मृण्मयी: आणि पिसण्याचं कुणी बोलतच नाहीये. हातात धरून नुसते गठ्ठे वरखाली करत पिसलं तर एकही कार्ड फिरत नाही, सगळ्यांची तोंडं आधी होती तशीच. मध्येच अर्धी गड्डी कापून उलट फिरवावी लागते नाहीतर टेबलावर पसरून दोन्ही हातांनी घोळावी लागते. माझ्या पहिल्या दोन वर्षांत एकही उलटं कार्ड आलं नाही आणि मी खुशीत होते की माझ्याकडे चांगलीच माणसं येतात.

वाटसरू: आणि समोर बसलेल्या माणसाने गड्डी कापून तुमच्या हातात दिली तर? त्याच्याकडून सरळ ते तुमच्याकडून उलटं. कुणाच्या बाजूने वाचता?

मृण्मयी: माझ्या. वाचतेय कोण?

देवयानी: मी विचारणाऱ्याच्या बाजूने. प्रश्न कुणाचा आहे?

मृण्मयी: ताई मग तुमची सगळीच उलटी कार्डं माझ्यासाठी सरळ आहेत, आणि इथे आपण ब्लॉक की इनवर्ड म्हणून भांडतोय!

शेफाली: कार्ड कसं उघडायचं यावर तुम्ही हवं तेवढं बोला, मला 'इनवर्ड' या शब्दावर बोलायचंय. मला हाच नाइट ऑफ कप्स उलटा आला होता त्याच्या जागी. रीडरने अगदी देवयानींसारखंच सांगितलं, मनात आहे, बोलता येत नाही, वेळ द्या. मी सात महिने दिले. मेसेज टाकायचे, चार दिवसांनी 'हम्म' यायचं, मी समजायचे बिचारा आतल्या आत झुरतोय. सातव्या महिन्यात कळलं त्याचा साखरपुडा झालाय. मला सांगा, 'आत आहे' हे खोटं ठरणार कधी? बाहेर काही दिसलं तर खरं आणि नाही दिसलं तरी आत आहेच! माझ्या मते पावसाळीने मैत्रिणीला बरोबर सांगितलं.

पावसाळी: धन्यवाद शेफाली. हेच म्हणत होते मी.

देवयानी: शेफाली, वाईट वाटलं वाचून, आणि तुमच्या रीडरने एक गोष्ट करायला हवी होती ती केली नाही. नुसत्या उलट्या नाइटवर मी इनवर्ड म्हणत नाही. भावना आहे हे सांगणारं दुसरं कार्ड स्प्रेडमध्ये लागतं, इथे टू ऑफ कप्स आहे, उलटं असलं तरी कप आहेतच. तुमच्या स्प्रेडमध्ये त्याच्या आजूबाजूला काय होतं?

शेफाली: सेव्हन ऑफ स्वोर्ड्स सरळ. आणि द मून.

देवयानी: मग ते इनवर्ड नव्हतंच. तलवारी उचलून मागे बघत पाय न वाजवता निघालेला माणूस, आणि वर चंद्र, धड काही दिसत नाही असं. त्या शेजारात उलटा नाइट म्हणजे नुसती गोड बोलणी.

शेफाली: हे आता साखरपुडा झाल्यावर कुणीही सांगेल.

देवयानी: बरोबर आहे तुमचं. नंतर सांगणं सोपं. म्हणून आता मी कार्डांवर थांबत नाही, समोरच्याला एक साधा प्रश्न विचारते. त्याने कधी सुरुवात करून ती मध्येच अडली का, तर ब्लॉक. सुरुवात झाली आणि चालू आहे पण हळू, तर उशीर. सुरुवातच केली नाही पण समोर असताना वागणं वेगळं असतं, तर इनवर्ड. आणि सुरुवातही नाही, वागणंही नाही, तर तिथे काही नाहीये, कार्ड उलटं असो की सरळ. हे मी आधी विचारायची नाही, माझ्याही हातून दोघीतिघींना खोटी आशा लागलीय. एवढं मी कबूल करते, याहून जास्त नाही.

वाटसरू: मग कार्डांचं काम काय उरलं?

देवयानी: कुणाच्या बाजूने अडलंय ते विचारायची आठवण करून देणं. फोर ऑफ पेंटॅकल्स नसता तर मैत्रिणीला तिच्याबद्दल कुणी काही विचारलंच नसतं.

मृण्मयी: एट ऑफ वाँड्स उलटं म्हणजे आठ आठवडे थांबायचं ना पण?

देवयानी: नाही गं, आठ हा आकडा आहे, कॅलेंडर नाही. शिवाय उशीर म्हणायला काहीतरी निघालेलं असावं लागतं. काहीच निघालं नसेल तर ते कार्ड उशीरही सांगत नाही.

पावसाळी: आज मैत्रिणीशी बोलले. त्याने तीन आठवड्यांपूर्वी लांबलचक मेसेज पाठवला होता, भेटून बोलूया म्हणून. तिने उघडून वाचला आणि उत्तर दिलं नाही, मला सांगितलंही नव्हतं. म्हणते, हो म्हटलं तर सगळं हातातून जाईल असं वाटतं. तर फोर ऑफ पेंटॅकल्स तिचा हे मानावं लागतंय. नाइट मात्र मी इनवर्ड मानणार नाही, त्याने तर लिहिलं ना, कप पुढे केला ना? मग तो उलटा का आला?

वाटसरू: कारण तुम्ही खालून वर उघडला. गड्डीत तो सरळच होता.

देवयानी: वाटसरू!! पावसाळी, मेसेज स्प्रेड काढायच्या आधी आला की नंतर?

पावसाळी: आधी. दोन दिवस आधी.

देवयानी: मग माझं नाइटचं वाचन चुकलं असू शकतं. उत्तर न आल्यामुळे तो परत आत गेला असंही असेल. त्यानंतर त्याचा काही मेसेज आला का तेवढं विचारून सांगा.