मदत हवी आहे: ‘सच्छिद्रता’ दोनदा, अर्थ मात्र वेगळे

नमस्कार. बेसाल्टमधल्या भूजलावरच्या इंग्रजी प्रबंधाचा मराठी गोषवारा तपासतेय. पोरॉसिटी आणि पर्मिअबिलिटी, दोन्हींना अनुवादकाने ‘सच्छिद्रता’च लिहिलंय. त्यामुळे ‘सच्छिद्रता जास्त असूनही सच्छिद्रता कमी’ असं वाक्य झालंय! मुळात म्हणायचंय ते असं, की खडकात वायूच्या पोकळ्या भरपूर, पण त्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत, म्हणून पाणी पुढे सरकत नाही. दुसऱ्या जागी मी ‘पार्यता’ सुचवलंय. काही जण ‘पारगम्यता’ लिहितात. भूजलात काम करणारे कोणता शब्द वापरतात?

शिवाय ‘पुनर्भरण केले जाणे घडते’ याचं मी आधी ‘पाणी मुरते’ केलं होतं. पण मुरलेलं सगळंच पाणी भूजलापर्यंत पोचत नाही. मग ‘भूजलाचे पुनर्भरण होते’ एवढंच ठेवू का?