एचआरच्या मेलमधून ‘मुद्दाम’ काढू का?

दुसरी पाळी: कारखान्यात क्वालिटीला आहे. पहिल्या पाळीतला सहकारी नोंदवही अर्धवट ठेवून जातो, विचारलं की सगळ्यांसमोर टोमणे मारतो. सुपरवायझरला दोनदा सांगून झालं. एचआरला लिहिलंय, “ते मुद्दाम मला अडचणीत आणतात, नेहमीच असं करतात, सगळेच वैतागलेत.” मैत्रीण म्हणते, फार झोंबतं. काय बदलू?

जुना एचआरवाला: तिन्ही शब्द उडवा. ‘मुद्दाम’ हे त्याच्या मनातलं, ते तुम्ही पाहिलेलं नाही. ‘नेहमी’ला तो एक नीट भरलेलं पान दाखवून मोकळा होईल. ‘सगळे’ म्हटलंत की मी विचारणार, कोण कोण? तिथे लोक हात वर करतात. असले मेल वाचताना मी एकच बघायचो, की हे घेऊन समोरच्याला हो की नाही विचारता येईल का. असं लिहा:

“मंगळवारी, ४ तारखेला ३ वाजता पाळी घेतली तेव्हा नोंदवहीत १ नंतरची मोजमापं नव्हती. विचारल्यावर ते म्हणाले, ‘आधी शिकून या.’ तेव्हा लाइनवरचे दोन ऑपरेटर हजर होते. मोजमापं पुन्हा घेण्यात ४० मिनिटं गेली, लॉट उशिरा सुटला. ११ तारखेलाही असंच झालं. पाळी बदलताना नोंदवहीवर दोघांच्या सह्या व्हाव्यात, ही विनंती.”

स्पष्टवक्ती: वाचून वाटतं, भांडण वहीचं आहे. सह्या सुरू होतील, टोमणे तसेच राहतील. इतकं गुळमुळीत लिहिलं की ‘माहितीसाठी’ म्हणून बाजूला पडतं. विषयातच ‘तक्रार’ लिहा.

जुना एचआरवाला: टोमण्यांचं बरोबर, माझं चुकलं. “बोलण्याबद्दल त्यांच्याशी बोलावं आणि काय ठरलं ते मला कळवावं” ही ओळ हवीच. पण ‘तक्रार’ शब्द आला की आमच्याकडे दोघांचे जबाब सुरू व्हायचे. एका बोलण्याने मिटणारं असेल तर तो शब्द पुढच्या वेळेसाठी राखा.

स्पष्टवक्ती: दोनदा बोलून झालंय की! मला नाही पटत.

गावाकडचा: आमच्याकडे एक जण रोज माझ्या डब्यातली चटणी संपवतो. एचआरला लिहू का?

पुरावेवाला: नोंदवहीचे फोटो काढून स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा.

जुना एचआरवाला: फोटो नको. कंपनीची कागदं बाहेर नेली म्हणून उलट तुम्हीच अडकाल. त्याच दिवशी घरच्या डायरीत चार ओळी लिहा, तेवढं पुरतं. आणि नाव गुप्त राहील असं धरून चालू नका. ४ तारीख ऐकली की त्याला कळणारच.

वकीलकाकू: टोमणे लैंगिक स्वरूपाचे असतील तर वाट वेगळी. २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे लेखी द्यायचं, साधारणपणे ३ महिन्यांच्या आत.

दुसरी पाळी: नाही काकू, तसलं काही नाही. मजकूर बदलला. विषयात सध्या ‘पाळी बदलतानाची अडचण’ एवढंच लिहिलंय. ११ तारखेला ऑपरेटर कोण होते ते मात्र आठवत नाही, उद्या हजेरी बघते.