किंचाळणं वेगळं, स्वप्न वेगळं

> "मुलगा पाच वर्षांचा, झोपल्यावर तासाभरात किंचाळत उठतो. मला घाटात ब्रेक फेल झाल्याचं स्वप्न सारखं पडतं. दोघांना एकच उपाय चालेल का?"

नाही. मुलाला बहुधा 'नाइट टेरर' आहे. तो गाढ झोपेतून अर्धवट बाहेर येतो, म्हणून हे रात्रीच्या पहिल्या भागात होतं. डोळे उघडे असले तरी तो तुम्हाला ओळखत नाही आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. तुमच्यासाठीच्या उपायात स्वप्न बदलायचं असतं; त्याला आठवणारं स्वप्नच नाही, तर बदलणार काय? त्याला हलवून उठवू नका, फक्त पडणार नाही एवढं बघा. जागरण झालं की हे वाढतं, म्हणून लवकर झोपवा.

तुमचं मात्र दुःस्वप्न. ते बहुतेक पहाटेकडे, रेम या स्वप्नांच्या झोपेत पडतं आणि लख्ख आठवतं. त्यावर इमेजरी रिहर्सल चालते. दिवसा स्वप्न लिहून काढा आणि हवं तिथून बदला: ब्रेक लागत नाही, पण रस्ता चढाला लागतो, गाडी आपोआप मंदावते, तुम्ही उतरून चहा घेता. ही नवी गोष्टच रोज दहा-वीस मिनिटं डोळ्यांसमोर आणा. जुनी घोळवत बसू नका. फरक पडायला काही आठवडे लागतात. झोपेच्या विकारांचे डॉक्टर बॅरी क्राकोव यांच्या 2001 च्या अभ्यासात लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांचीही दुःस्वप्नं याने कमी झाली होती.

स्वप्न खऱ्या अपघाताचं असेल तर आधी एखादं सौम्य स्वप्न घ्या आणि थेरपिस्टसोबतच करा.