साधी सर्दी आहे की सायनस? घसा दुखतोय आणि गाल ठणकतोय, मदत हवी आहे

खिडकीतली_तुळस:
मंडळी आज माझा सर्दीचा ११वा दिवस आहे आणि आता मला कळेनासं झालंय. सुरुवात घशापासून झाली, गिळताना खवखव, मग दुसऱ्या दिवसापासून नाक नुसतं पाण्यासारखं गळायला लागलं. चौथ्या दिवशी ते घट्ट पिवळं झालं (किळस वाटली तर माफ करा, पण हे सांगितल्याशिवाय प्रश्नच विचारता येत नाही). सहाव्या दिवशी बरं वाटलं, ऑफिसला पण गेले, घरच्यांना म्हटलं गेली एकदाची. आणि आठव्या दिवशी रात्री थंडी वाजून ताप आला १००.६, आणि तेव्हापासून उजवा गाल डोळ्याच्या खाली भरल्यासारखा जड आहे, सकाळी बुटाची लेस बांधायला वाकले तर तिथे असं ठणकलं की तशीच जमिनीवर बसले. उजव्या वरच्या दाढा पण दुखतायत. घसा परत दुखतोय, पण आधीसारखा नाही, सकाळी उठल्यावर जास्त आणि सारखं काहीतरी मागे चिकटलंय असं वाटून खाकरावं लागतं. हा सायनस आहे का सर्दीच लांबलीय? डॉक्टरकडे जायलाच हवं का अजून ४ दिवस थांबू?

कडकचहा:
रंग कोणता आहे ते महत्त्वाचं. पांढरा किंवा पाण्यासारखा असेल तर व्हायरल, पिवळा हिरवा झाला की बॅक्टेरिया. मला दर पावसाळ्यात होतं, मी सरळ मेडिकलमधून ॲझिथ्रो ५०० आणतो, ३ दिवसात साफ.

गावठी_डॉक्टर:
चहासाहेब, ३ दिवसात साफ होतं कारण तेव्हा ती सर्दी तशीही उतरणीला लागलेली असते. श्रेय गोळीला मिळतं.
मी फॅमिली फिजिशियन आहे, ईएनटी नाही, पण हे रोज बघतो. रंगावरून ठरवायचं झालं तर दर दुसऱ्या सर्दीला अँटिबायोटिक द्यावं लागेल. तो हिरवेपणा जंतूंचा नसतो, आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका एन्झाइमचा असतो, आणि पेशी व्हायरसशी लढतानाही येतातच. साध्या सर्दीत सुद्धा चौथ्या पाचव्या दिवशी घट्ट पिवळं होतं आणि परत पातळ होत जातं. सकाळचं पहिलं तर रात्रभर साठलेलं असतं, ते सगळ्यात घट्ट आणि गडद दिसणारच.
तुळसताई, तुमच्या पोस्टमध्ये मला रंगापेक्षा सहावा आणि आठवा दिवस महत्त्वाचा वाटला. साधी सर्दी तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात वाईट असते आणि मग हळूहळू उतरते, मागे खोकला रेंगाळला तरी. बरं वाटून परत उलटली, त्यात नव्याने ताप, तर सायनसमध्ये बॅक्टेरिया बसल्याचा संशय घ्यायचा. दुसरी खूण म्हणजे १० दिवस होऊनही काडीचा फरक नाही. तिसरी म्हणजे सुरुवातीपासूनच १०२ च्या वर ताप आणि घट्ट पू ३-४ दिवस सलग. तुमचं पहिल्या प्रकारात बसतंय.

रविवार_सकाळ:
मला पण ८ वर्षं सायनस होता. म्हणजे मीच म्हणायचे सायनस. कपाळ आणि डोळ्याच्या मागे प्रेशर, वाकलं की वाढायचं, वाफ घेऊन घेऊन नाकाची साल निघाली. शेवटी निघाला मायग्रेन! कारण नाकातून घट्ट काही येतच नव्हतं, फार तर थोडं पाणी, उजेड सहन व्हायचा नाही आणि दुसऱ्या दिवशी मी ठणठणीत. त्यामुळे नुसत्या प्रेशरवर जाऊ नका.

गावठी_डॉक्टर:
हे अगदी बरोबर. पण इथे एकाच बाजूचा गाल, घट्ट स्राव आणि ताप तिन्ही आहेत, मायग्रेनमध्ये ताप येत नाही.
ताई, दोन गोष्टी सांगा. घट्ट स्राव दोन्हीकडून येतो की उजवीकडूनच? आणि डाव्या कुशीवर, म्हणजे दुखरा गाल वर ठेवून थोडा वेळ पडलात तर काय होतं?

खिडकीतली_तुळस:
अय्या, तुम्हाला कसं कळलं! उजवीकडूनच जास्त. आणि काल रात्री डाव्या कुशीवर वळले तर ५-१० मिनिटांनी उजव्या बाजूने घशात भसकन काहीतरी उतरलं, चव इतकी घाण की उठून चूळ भरली. पण नंतर गाल जरा हलका वाटला.

गावठी_डॉक्टर:
गालातल्या सायनसचं तोंड त्याच्या तळाला नसतं, आतल्या भिंतीवर वरच्या बाजूला असतं. म्हणजे पिंपाची तोटी झाकणाजवळ बसवल्यासारखं. उभं असताना तळाशी साठतं, आणि ती बाजू वर करून झोपलं की तोटी खाली येते. तेच घशात उतरलं. तुमचा दुसऱ्या वेळचा घसा त्यामुळेच असावा, रात्रभर मागे ओघळतं म्हणून सकाळी जास्त. पहिल्या दिवसाची खवखव सर्दीच्या व्हायरसची होती. घशातल्या जंतूचा म्हणजे स्ट्रेपचा त्रास असता तर एकदम ताप, गिळता न येणं, मानेत दुखऱ्या गाठी असं चित्र असतं, आणि नाक गळणं खोकला सहसा नसतो.

चिमुकलीचे_बाबा:
माझ्या ५ वर्षांच्या मुलीला रोज सकाळी १०-१२ शिंका आणि नाक डोळे खाजतात, पाणी येतं, ताप नाही. सायनस असेल का? हेच औषध चालेल का?

गावठी_डॉक्टर:
बाबा, अजून कुठलंच औषध कोणी सांगितलेलं नाही :) खाज आणि सकाळच्या शिंका म्हणजे बहुतेक ॲलर्जी, वेगळा धागा काढा.

दातपडके_आजोबा:
पोरी, दात पण बघून घे. माझा "सायनस" वरच्या दाढेच्या मुळातून आला होता, एकाच बाजूने घाण वासाचं यायचं, तीन कोर्स झाले तरी परत परत. एक्स-रे मध्ये मुळाशी गळू निघालं.

गावठी_डॉक्टर:
आजोबांचा मुद्दा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या तळाला अगदी लागून असतात. सायनसमुळे दुखतं तेव्हा सहसा दोन-तीन दाढा मिळून मंद दुखतात. एकच दाढ गार पाण्याने झिणझिणते किंवा चावताना कळ येते, तर दात संशयित.
थांबण्याबद्दल: बॅक्टेरियाचा असला तरी बराच वेळा औषधाविना उतरतो, पण ताप आहे आणि उलटलेलं आहे, तेव्हा उद्या दाखवा. डोळ्याभोवती सूज, दोन दोन दिसणं, मान ताठ, असह्य डोकेदुखी, गुंगी यातलं काही झालं तर उद्याची पण वाट बघू नका. डायबेटिस आहे का?

खिडकीतली_तुळस:
नाही हो. पण आईला आहे, तिला पण सर्दी आहे.

गावठी_डॉक्टर:
मग आईंवर लक्ष ठेवा. शुगर जास्त असलेल्या माणसाचा गाल बधिर झाला किंवा नाकातून काळपट आलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. २०२१ मध्ये म्युकर आपण सगळ्यांनी पाहिलाय.

कडकचहा:
बरं, ॲझिथ्रो नको तर नाकात टाकायचे ड्रॉप्स तरी? आणि जलनेती?

गावठी_डॉक्टर:
नाक मोकळं करणारे ड्रॉप्स ३ दिवस, फार तर ५. पुढे चालू ठेवले की बंद केल्यावर नाक जास्त चोंदतं आणि माणूस बाटली सोडत नाही. नेती करा पण पाणी उकळून कोमट केलेलं हवं, नळाचं थेट नको.

खिडकीतली_तुळस:
अपडेट. काल दाखवलं. टॉर्चने नाकात बघितलं, उजवीकडे वरून पू ओघळताना दिसला म्हणे. एक्स-रे नको म्हणाले, साध्या सर्दीत पण सायनस धुरकट दिसतात त्यामुळे काही ठरत नाही. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह ५ दिवस दिलंय. ताप गेला, पण गाल अजून जड आहे. आणि आजोबा, आज सकाळी गार पाणी प्यायले तर मागून दुसरी दाढ एकटीच झिणझिणली. शनिवारी डेंटिस्टकडे जातेय.